घरात पाच जण आहेत आणि पाणी एक दिवसाआड, तेही तासभरच येत असेल तर टाकी केवढी घ्यावी?

दुकानदार माणसं मोजून टाकी सांगतो, पण तेवढ्यावर जाऊ नका. शहरात फ्लशसकट माणशी रोज १३५ लिटर धरतात. तुम्ही पाच जण, म्हणजे दिवसाला ६७५. पाणी एक दिवसाआड, म्हणून एका पाळीला १३५० लिटर लागणार. एखादी पाळी हुकली तर हात आखडून चालवायला थोडं जास्त हवं, म्हणून २००० लिटरची साठवण मला योग्य वाटते.

आता खरी गोम. तुमचं पाणी तासभरच येतं. तेवढ्यात टाकी भरते का, ते आधी बघा. १५ लिटरची बादली गच्चीच्या पाइपाखाली धरा आणि किती वेळात भरते ते मोजा. दीड मिनिट लागलं तर मिनिटाला १० लिटर, म्हणजे तासाला फक्त ६००. मग वर पाच हजार लिटरची टाकी ठेवली तरी ती रिकामीच राहणार!

हीच बादली खाली मीटरजवळच्या नळाला लावा. तिथे ३६ सेकंदांत भरली तर तासाला १५०० लिटर मिळतील, कारण दाब वर चढण्यात खर्च होत नाही. अशा वेळी २००० लिटरची टाकी जमिनीखाली बांधा, वर ५०० ची पुरे. मोटर खालच्या टाकीवरच बसवा. थेट नळाला लावणं बेकायदा आहे, शिवाय शेजाऱ्यांचं पाणी तुटतं.