खोकल्याला लिवो लिहिण्याआधी

परवा ओपीडीत तू कुर्ल्याच्या त्या शिंपीकाकांना लिवोफ्लॉक्सासिन लिहायला निघाला होतास, म्हणून हे सांगतोय. अडीच आठवडे खोकला, संध्याकाळी कणकण, पँट कमरेत सैल. तुझा संशय मायकोप्लाझ्मा या जंतूचा होता; त्याला पेशीभित्तिकाच नसते, आणि अमॉक्सिसिलिन तिच्यावरच काम करतं, म्हणून तिथे ते फुकट जातं, हे तुझं बरोबर. पण त्यासाठी ॲझिथ्रो आणि डॉक्सीही आहेत.

लिवो जंतूचं डीएनए गायरेज हे एन्झाइम अडवतं, आणि ते टीबीच्या जंतूतही असतं. त्यामुळे टीबी असला तरी ताप थोडे दिवस उतरतो, पेशंट खूश होतो, थुंकीत जंतू सापडेनासे होतात. महिन्याभराने तो परत येतो, कधी लिवोला दाद न देणारा जंतू घेऊन. मी ही चूक एकदा केली आहे. आधी थुंकी टीबीच्या सीबीनॅट तपासणीला पाठव. शिवाय साठीपुढे, त्यात स्टेरॉइड चालू असेल, तर लिवोने टाचेचा स्नायुबंध तुटू शकतो.

ॲझिथ्रो रायबोसोमच्या 50S भागावर बसतं. पण काका फ्युरोसेमाइड घेतात, पोटॅशियम 3.1 म्हणजे कमी, आणि ॲझिथ्रो आणि लिवो दोन्ही ईसीजीतलं क्यूटी अंतर लांबवतात, त्यातून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ईसीजी काढल्याशिवाय नकोच.

राहिलं डॉक्सी, 30S वालं. पावसाळ्यात लेप्टोलाही चालतं. गोळी ग्लासभर पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं पडायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला व्रण. लोहाची गोळी आणि अँटासिड दोन तास लांब. गरोदर बाईला मात्र डॉक्सी नाही, तिथे ॲझिथ्रोच.