ऑक्सिजन ८६, तरी दम लागत नाही?

प्रश्न: वडील ६२ वर्षांचे, शुगर आहे, राहणार सोलापूर. पाच दिवस ताप, एक्स-रेत व्हायरल न्यूमोनिया. ऑक्सिमीटर ८६ दाखवतो, पण ते म्हणतात, "मला कायबी होत नाही." मशीन खराब आहे का?

उत्तर: आधी दोन मिनिटं मशीन तपासा. बोट कोमट करा, नखावर मेंदी असेल तर दुसरं बोट घ्या, हात स्थिर ठेवून मिनिटभर थांबा. आकडा तोच राहिला तर तो खरा धरा.

दम लागल्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. व्हायरल न्यूमोनियात सुरुवातीला फुफ्फुसं बरीच लवचिक राहतात, त्यामुळे हा वायू सहज बाहेर पडतो. ऑक्सिजन मात्र सुजलेल्या भागातून रक्तात नीट उतरत नाही. तो कमी झाल्यावर श्वास आपोआप वाढतो, कार्बन डायऑक्साइड आणखी घटतो आणि मेंदूला मिळणारा इशाराच मवाळ होतो. उतारवयात आणि मधुमेहात हा इशारा मुळातच मंद असू शकतो.

म्हणून त्यांना विचारू नका, मोजा. छातीची हालचाल पूर्ण एक मिनिट पाहा, त्यांना न सांगता. २४ च्या वर श्वास म्हणजे शरीर झगडतंय. मात्र श्वास कमी भरले तरी ८६ पुरेसं गंभीर आहे.

सहा मिनिटं चालवून पाहायची चाचणी इथे करू नका. ती बसल्या जागी ९४ किंवा जास्त असणाऱ्यांसाठी. जिना चालत उतरवू नका, खुर्चीतून उतरवा. ऑक्सिजन असलेली अँब्युलन्स बोलावून लगेच सिव्हिलला किंवा जवळच्या ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. गाडी येईपर्यंत जमत असेल तर पालथं झोपवा.