रेझ्युमेवरच्या तारखा सरकवून गॅप लपवू का?

प्रश्न: वडिलांच्या डायलिसिससाठी मे २०२३ मध्ये ठाण्यातली अकाउंट्सची नोकरी सोडली, ऑगस्ट २०२४ पासून कोपरखैरण्यात एका छोट्या ऑफिसात आहे. आता ऐरोलीतल्या मोठ्या कंपनीत अप्लाय करतोय. मित्र म्हणतो जुनी नोकरी डिसेंबरपर्यंत दाखव आणि ही जानेवारीपासून, कोणाला कळत नाही. रेझ्युमे आणि एक्सपिरियन्स लेटर कसं नीट जुळवू, सांगाल का?

उत्तर:

जुळवायला मी मदत करणार नाही, आधीच सांगतो. लेटरवरची तारीख बदलणं म्हणजे बनावट कागद तयार करणं, त्यात मी पडणार नाही आणि तुम्हीही पडू नका. पण गॅप कसा सांगायचा ते सविस्तर सांगतो, कारण मी सहा वर्षं महापेला बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये काढलीयत आणि आता वागळे इस्टेटमध्ये एचआरला आहे, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू बघून झाल्यात.

"कोणाला कळत नाही" हे तुमच्या मित्राचं म्हणणं पीएफ ऑनलाइन नव्हता तेव्हा कदाचित चाललं असेल. आता तुमचा यूएएन एकच असतो, नोकरी बदलली तरी तोच. मोठी कंपनी ऑफरच्या आसपास तुमच्याकडून संमती घेते आणि सर्व्हिस हिस्टरी बघते, त्यात प्रत्येक नोकरीची जॉइनिंगची आणि सोडल्याची तारीख असते. पासबुकात तर महिन्याप्रमाणे एंट्री असते, तुमच्या केसमध्ये मे २०२३ च्या पगाराची शेवटची आणि मग थेट ऑगस्ट २०२४ ची. मधले चौदा महिने कोरे. पीएफ नसला तर फॉर्म २६एएस मागतात, त्यात कोणत्या कंपनीने कधी टीडीएस कापला ते दिसतं, आणि तेही नसेल तर बँक स्टेटमेंट, पगार कधी जमा झाला ते तिथे असतंच. तुम्ही अकाउंट्सवाले आहात, जीएसटीआर-२बी आणि परचेस रजिस्टर मॅच नाही झालं की तुम्हीच पार्टीला फोन लावता ना? इथेही अगदी तेच चालतं, फक्त पार्टी तुम्ही असता.

एक केस सांगतो, नाव-गाव सोडून. डोंबिवलीचा मुलगा, फक्त पाच महिन्यांचा गॅप होता आणि त्याने जुन्या नोकरीची तारीख पुढे सरकवली होती. इंटरव्ह्यू छान झाला, जुनी नोकरी सोडली, जॉइन झाला, रिपोर्ट यायला उशीर झाला म्हणून सतरा दिवस काम पण केलं, आणि मग मिसमॅच आला. पाच महिन्यांचा गॅप आहे म्हणून कोणी काढलं नसतं, आमच्या फॉर्मवर "वरील माहिती खरी आहे" म्हणून सही केली होती त्याने, त्यावर काढलं. यातला सगळ्यात वाईट भाग पुढे आहे, त्या सतरा दिवसांचा पीएफ भरला गेला, म्हणजे ती सतरा दिवसांची नोकरी त्याच्या सर्व्हिस हिस्टरीत बसली ती बसलीच. आता प्रत्येक ठिकाणी गॅपबरोबर तेही सांगायला लागतं.

बरं, तुमचा गॅप. खरं सांगू का, रोज अर्ज बघणाऱ्याला वडिलांचं आजारपण हे कारण अजिबात विचित्र वाटत नाही. डायलिसिस म्हणजे बहुतेक वेळा आठवड्यातून तीनदा, एकेका वेळेला चार तास, वर जाणं-येणं, त्या दिवशी माणूस थकून पडलेला, एवढं मुंबईकडे बऱ्याच घरांना माहीत आहे. अडचण होते ती रेझ्युमेवर कोरी जागा सोडल्याने, कारण कोरी जागा बघून वाचणारा स्वतःच्या मनाने काहीतरी भरतो (काढलं असेल, भांडण झालं असेल वगैरे). म्हणून दोन नोकऱ्यांच्या मध्ये तारखांसकट एक ओळ टाका, एवढीच:

"जून २०२३ ते जुलै २०२४: वडिलांच्या आजारपणात पूर्णवेळ घरी. आता दुसरी व्यवस्था झाली आहे."

आजाराचं नाव, हॉस्पिटल, रिपोर्ट, काही लिहायची गरज नाही. आणि दुसरं वाक्य खरं असेल तरच लिहा. या काळात काही काम केलं असेल, समजा ओळखीच्या दुकानाचं दर महिन्याचं जीएसटीआर-१ आणि ३बी भरून दिलं, तर तेही घाला, पण "फ्रीलान्स कन्सल्टंट" असलं भारदस्त नाव देऊ नका, "एका दुकानाचे जीएसटी रिटर्न भरले" एवढंच लिहा. काहीच केलं नसेल तर काहीच लिहू नका. नंतर केलेला कोर्स त्या काळात केला असं दाखवणं हीसुद्धा तारीख बदलणंच झालं.

काही जण सांगतील महिने काढून फक्त वर्षं लिही, २०२३ आणि २०२४ लागोपाठच दिसतात. खोटं नाही म्हणता येणार, पण फॉर्ममध्ये महिना विचारणारच, तिथे लिहावा लागतो, आणि मग एचआरला वाटतं की रेझ्युमेवर मुद्दाम गाळला. मला स्वतःला ही आयडिया आवडत नाही.

इंटरव्ह्यूत विचारतील तेव्हा गोष्ट लांबवू नका. "वडिलांना डायलिसिस सुरू झालं, घरात नेणारं मीच होतो म्हणून नोकरी सोडली, आता भाऊ नेतो, ऑगस्ट २०२४ पासून मी नियमित कामावर आहे." बस. यानंतर बऱ्याचदा "वडील आता कसे आहेत?" असा प्रश्न येतो, तो आपुलकीचा असतो पण त्यात "परत सोडून जाणार का" हेही असतं, तेव्हा उत्तर व्यवस्थेबद्दल द्या, कोण नेतं, किती वाजता. अजूनही आठवड्यातला एक दिवस तुम्हालाच जायला लागत असेल तर तेही तिथेच सांगा, ऑफर यायच्या आधी. यावर नाही म्हणणारी कंपनी भेटेलच, भेटते, पण ती जॉइन झाल्यावर रजा नाकारणार होतीच.

मित्राचं ऐकून रेझ्युमे आधीच कुठे पाठवला असेल तर व्हेरिफिकेशनचा फॉर्म भरायच्या आत एचआरला मेल टाका: "माझ्या रेझ्युमेत दोन नोकऱ्यांच्या तारखा चुकीच्या दिल्या होत्या. बरोबर तारखा अशा आहेत, मधला काळ वडिलांच्या आजारपणाचा आहे. सुधारित रेझ्युमे जोडला आहे." "टायपिंग मिस्टेक" असं लिहू नका, सात आणि सात महिन्यांची टायपिंग मिस्टेक कोणी मानत नाही. इथे काही ठिकाणी गाडी अडेल, पण फॉर्मवर सही करून सापडलात तर सगळीकडेच अडते.

आणि हे आजच करा: ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर लॉगिन करून `View > Service History` बघा. जुन्या कंपनीने तुमची एक्झिट तारीख टाकलीच नाही असं खूपदा होतं, मग सरळ माणसाचाही मिसमॅच निघतो, दोन्हीकडे एकाच वेळी नोकरीला असल्यासारखं दिसतं. रिकामी असेल तर शेवटच्या पीएफला दोन महिने उलटून गेल्यावर `Manage > Mark Exit` मधून ती स्वतः भरता येते, आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. भरताना रिलीव्हिंग लेटर समोर ठेवा, राजीनामा दिल्याची तारीख टाकू नका, कामाचा शेवटचा दिवस टाका, कारण नंतर दुरुस्त करायचं म्हटलं तर जुन्या कंपनीच्या मागे लागावं लागू शकतं.