जपानात गाडी लावणार असशील तर आधी हे वाच

अरे पहिल्यांदाच जपानात गाडी चालवणारेस ना, मग कॉइन पार्किंगचं, म्हणजे मशीनमध्ये पैसे भरून गाडी सोडवायच्या पार्किंगचं, नीट ऐक. कानाझावात रात्री साडेनऊला मी मशीनसमोर उभा, सगळी बटणं जपानीत, गाडीखाली लोखंडी फळी वर आलेली (गाडी लावली की काही मिनिटांत ती आपोआप वर येते, पैसे भरेपर्यंत खाली जात नाही, आणि तिच्यावरून गाडी रेटलीस तर खालचा भाग फाटलाच समज), बायको गाडीत बसून वैतागलेली, आणि मी शहाण्यासारखा आधी नोट घालतोय न् मशीन ती परत ढकलतंय.

खरं तर आधी आपल्या जागेचा नंबर दाबायचा, तो जमिनीवर रंगवलेला असतो, माझा 7 होता. मग 精算 लिहिलेलं बटण, म्हणजे हिशेब. या दोन अक्षरांचा फोनमध्ये फोटो काढून ठेव, वाचता नाही आली तरी जुळवता येतात. आकडा स्क्रीनवर आला की त्यावरून थांबलेला वेळ पटतोय का बघ, पटत नसेल तर नंबर चुकलाय, आणि तसेच पैसे भरलेस तर शेजारच्याची गाडी सुटेल, तुझी नाही.

माझी नोट 10000 येनची होती. बरीच मशीन्स फक्त 1000 ची नोट आणि नाणी घेतात, जुनी मशीन्स 2024 ची नवीन नोटही नाकारतात. शेवटी समोरच्या दुकानातून चहाची बाटली घेऊन सुट्टे केले.

फळी खाली गेली की लगेच निघ, रेंगाळलास तर परत वर येते.