सॅम्पलिंग बायसचा परिच्छेद एका वाक्यात कसा बसवायचा?

*प्रश्न: सॅम्पलिंग बायसवरचा माझा परिच्छेद फार जड झालाय. गाईड म्हणतात, एका वाक्यात सांग. कापत कापत एका वाक्यापर्यंत कसं यायचं?*

शब्द कापू नका. आधी कारण कुठलं आहे ते शोधा, मग बाकीचं कापा. उलट क्रमाने गेलात तर वाक्य छोटं होईल आणि चुकीचंही होईल. या विषयावरची निम्मी वाक्यं अशीच बिघडलेली असतात.

तुम्ही परिच्छेद दिलेला नाही, म्हणून सगळ्यांच्या प्रबंधात असतो तो घेतो:

> सर्वेक्षण संशोधनात नमुना निवडीतील पक्षपात हा अत्यंत महत्त्वाचा घटक मानला जातो. १९३६ साली अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत लँडन व रूझवेल्ट यांच्यापैकी कोण जिंकेल हे पाहण्यासाठी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे १ कोटी मतपत्रिका टपालाने पाठवल्या व त्यांपैकी सुमारे २४ लाख परत आल्या. नावे मुख्यतः दूरध्वनी पुस्तिका व मोटार नोंदणीच्या याद्यांमधून घेण्यात आली होती, ज्यामुळे नमुना प्रातिनिधिक राहिला नाही. तसेच प्रतिसाद न देणाऱ्यांची मते भिन्न असण्याची शक्यता नाकारता येत नाही. परिणामी लँडन यांना ५७ टक्के मते मिळतील असे भाकीत करण्यात आले, प्रत्यक्षात रूझवेल्ट ६१ टक्के मतांनी विजयी झाले. अशा प्रकारे नमुना मोठा असूनही निष्कर्ष चुकीचे असू शकतात.

पहिली फेरी. पहिलं आणि शेवटचं वाक्य उडवा, त्यात माहिती नाही. ‘करण्यात आले’, ‘घेण्यात आली होती’ काढून कर्ता पुढे आणा. याच फेरीत आकडे तपासा, कारण इथे एक खड्डा आहे. ५७ हा लँडन आणि रूझवेल्ट या दोघांच्याच मतांतला वाटा आहे, ६१ हा सगळ्या उमेदवारांच्या मतांतला. परिच्छेद लांब असताना हे खपून जातं, पण एका वाक्यात दोन्ही शेजारी आले की तुलनाच चुकते. दोघांपुरतं बघितलं तर डायजेस्टने रूझवेल्टना ४३ टक्के दिले होते आणि त्यांना मिळाले सुमारे ६२. आता उरतं ते असं:

> डायजेस्टने फोनच्या डिरेक्टरीतून आणि मोटार नोंदणीतून नावं काढून १ कोटी मतपत्रिका पाठवल्या. २४ लाख परत आल्या. त्यांत रूझवेल्टना ४३ टक्के होते, निकालात ६२.

दुसरी फेरी. बहुतेक जण इथे घाई करतात. उरलेल्या प्रत्येक गोष्टीला विचारा: ही वेगळी असती तर भाकीत सुधारलं असतं का? १ कोटीच्या जागी ३ कोटी पत्रं गेली असती तर? त्याच याद्या असत्या आणि तितक्याच प्रमाणात उत्तरं आली असती, तर काही सुधारलं नसतं. १ कोटी गेला. फोन आणि मोटारी? त्या राहतात, पण नुसत्या नाही. याच साप्ताहिकाने १९३२ ची निवडणूक असल्याच याद्यांवरून बरोबर सांगितली होती. यादीतून माणसं गळणं म्हणजे बायस नव्हे. गळालेली माणसं त्याच प्रश्नाचं उत्तर वेगळं देणार असतील, तर बायस. मंदीच्या काळात, रूझवेल्टच्या न्यू डील या मदत-कार्यक्रमानंतर, १९३६ चं मतदान उत्पन्नानुसार विभागलं गेलं, त्यामुळे फोन-मोटार नसणं आणि रूझवेल्टना मत देणं या गोष्टी एकत्र आल्या. तुमच्या वाक्यात हा दुवा नसेल तर ते फक्त यादीचं वर्णन आहे.

आणि ते ‘नाकारता येत नाही’ वालं वाक्य, जे सगळे आधी कापतात आणि वर पहिल्या फेरीतही गळालं? ते परत आणायचं. पेव्हरिल स्क्वायर यांनी १९८८ साली, १९३७ मधल्या एका गॅलप सर्वेक्षणाच्या आधारे दाखवलं की मतपत्रिका मिळालेल्या सगळ्यांनी उत्तर दिलं असतं, तर डायजेस्टने निदान विजेता तरी बरोबर सांगितला असता. म्हणजे याद्या तिरक्या होत्याच, पण उत्तर कोणी पाठवलं यानेही पारडं फिरलं. हिशोब साधा आहे: उत्तर न आल्यामुळे होणारी चूक म्हणजे उत्तर न देणाऱ्यांचं प्रमाण गुणिले देणाऱ्या आणि न देणाऱ्यांतला फरक. १०० पैकी २४ जणांनी उत्तर दिलं, त्यांत रूझवेल्टना ४३ टक्के. समजा, उरलेल्या ७६ जणांत ५५ टक्के असते. फरक १२, त्याचे ७६ टक्के म्हणजे सुमारे ९. अख्ख्या यादीत रूझवेल्टना ५२ टक्के, म्हणजे ते जिंकले.

तिसरी फेरी. आता जोडा. दोन नेहमीची वाक्यं बघा. ‘नमुना प्रातिनिधिक नसल्यामुळे भाकीत चुकलं’: हे कुठल्याही फसलेल्या सर्वेक्षणाला चिकटवता येतं, सांगत काहीच नाही. ‘फक्त श्रीमंतांना विचारल्यामुळे भाकीत चुकलं’: यातलं ‘फक्त’ खोटं आहे आणि अर्धं कारण गायब आहे. मी असं लिहीन:

> डायजेस्टच्या याद्यांत रूझवेल्टचे मतदार मुळात कमी होते आणि मतपत्रिका मिळालेल्यांतही लँडनच्या समर्थकांनी त्या जास्त प्रमाणात परत पाठवल्या, म्हणून २४ लाख उत्तरं येऊनही रूझवेल्टचा वाटा ६२ ऐवजी ४३ टक्के दिसला.

यात कोण कमी पडलं, कुठल्या दोन ठिकाणी, निकाल कुठल्या बाजूला झुकला आणि किती, हे सगळं आहे. ‘१९ टक्क्यांनी कमी’ असं लिहू नका. कोणीतरी ६२ चे १९ टक्के काढून ५० वर पोचतो. दोन आकडे शेजारी ठेवले की प्रश्न मिटतो. २४ लाख मुद्दाम ठेवलेत: आकार मोठा होता म्हणून वाचलो नाही, हा परिच्छेदाचा शेवटचा मुद्दा ‘येऊनही’ या एका शब्दात बसतो.

वाक्य जमलं का हे बघायचं तर विषय न शिकलेल्या माणसाला वाचायला द्या आणि विचारा, ‘याच याद्यांतून तिप्पट पत्रं पाठवली असती तर?’ तो ‘मग बरोबर आलं असतं’ म्हणाला तर दुसऱ्या फेरीवर परत जा.

काही संपादकांचा एक हट्ट आहे: एका वाक्यात एकच कारण, बाकी वाचकाला झेपत नाही. या हट्टापायीच फोन-मोटारीची अर्धी गोष्ट इतकी वर्षं फिरतेय. कारणं दोन असतील तर वाक्यात दोन येतील. वाचक ‘आणि’ला घाबरत नाही. तुमच्या गाईडनी शब्दांवरून अडवलं तर वर्ष कापा, साप्ताहिकाचं नाव कापा, पण ‘आणि’ कापू देऊ नका.

एक अडचण मात्र खरी आहे. उत्तर न आल्यामुळे होणारी चूक काटेकोर वर्गीकरणात सॅम्पलिंग बायसमध्ये धरत नाहीत, वेगळी मोजतात. गाईड त्या मताचे असतील तर वाक्याचा पहिला भागच चालेल. पण मग ६२ आणि ४३ हे आकडेही काढावे लागतील, कारण तो फरक दोन्ही चुकांनी मिळून झालाय आणि एकट्या यादीच्या नावावर मांडता येत नाही.