बंगालीत ‘आस्था’, ‘मान’, ‘तात्पर्य’: तीन ओळखीचे शब्द, तीन वेगळे अर्थ

प्रश्न: ‘सुंदरबनातल्या रोपांवरचा आमचा जीवशास्त्राचा एक लेख बंगालीत जायचा आहे. मसुदा मी मराठीत विचार करून केलाय, बंगाली मला कामापुरती येते. कॉन्फिडन्स इंटर्व्हल आणि पी व्हॅल्यू यांना बंगालीत काय म्हणावं? मी “विश्वास अंतर” आणि “पी-मूल्य” लिहिलंय. संस्कृत शब्द आहेत, म्हणजे चालतील ना?’

कॉन्फिडन्स इंटर्व्हलसाठी ‘आस्था व्यवधि’ लिहा आणि पी व्हॅल्यूसाठी ‘पि-मान’. तुमचे दोन्ही शब्द बंगाली वाचकाला कळतील, पण तो अडखळेल. अडखळण्याचं कारण शब्द संस्कृत नसणं हे नाही. दोन्ही भाषांनी एकच संस्कृत शब्द घेऊन तो वेगवेगळ्या कामाला लावला आहे, अडचण तिथे आहे. (बंगाली शब्द मी इथे देवनागरीत, त्यांच्या लेखनाप्रमाणे देतो. उच्चारात ‘व’चा ‘ब’ होतो, ‘व्यवधि’ साधारण ‘बॅबोधि’ असा ऐकू येतो.)

पी व्हॅल्यूचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. आपण गणितात ‘एक्सची किंमत काढा’ म्हणतो, बंगाली मुलं ‘एक्स-एर मान’ काढतात. बंगालीत संख्येची व्हॅल्यू म्हणजे ‘मान’, आणि ‘मूल्य’ म्हणजे मुख्यतः बाजारभाव, नाहीतर मग नैतिक मूल्य. ‘पि-मूल्य’ वाचणाऱ्याच्या डोक्यात क्षणभर दर येतो, संख्या येत नाही. मराठी माणसाला ‘मान’ म्हटल्यावर गळ्यावरची मान किंवा मानपान आठवतं, म्हणून तो हा शब्द टाळतो. बंगालीत तो निःशंक वापरा. मजकुरात पहिल्यांदा ‘पि-मान’ लिहा, नंतर कंसात आकडा देताना मूळ रोमन p तसंच ठेवा, तिरपं. सूत्रातल्या अक्षराचं लिप्यंतर केलं तर तक्त्यात ते शब्दासारखं दिसू लागतं.

आता आस्था. मराठीत ‘त्याला झाडांबद्दल आस्था आहे’ म्हणजे जिव्हाळा आहे, कळकळ आहे. बंगालीत आस्था म्हणजे भरवसा. आपण विधिमंडळात अविश्वास ठराव आणतो, त्यांच्याकडे येतो तो ‘अनास्था प्रस्ताव’. म्हणून कॉन्फिडन्सला बंगालीत आस्था हाच नेमका शब्द आहे. ‘विश्वास’ तिकडे श्रद्धेच्या बाजूला झुकतो. ‘आत्मविश्वास’ तर मुळीच नको. तो माणसाला असतो, पद्धतीला नसतो.

इंटर्व्हलसाठी छापील मजकुरात ‘व्यवधान’ही आढळतो, ‘आस्था व्यवधान’ असा. मी तो वापरत नाही, आणि का ते थोडं सविस्तर सांगायला हवं. रोजच्या बंगालीत व्यवधान म्हणजे फरक, दरी, दोन गोष्टींमधलं अंतर: श्रीमंत-गरिबांतलं व्यवधान, मतांचं व्यवधान. (आपल्याकडे व्यवधान म्हणजे अडथळा किंवा लक्ष, तो आणखी वेगळाच.) माझ्या एका बंगाली सहकारी बाईंना मी असा मसुदा वाचायला दिला होता. त्यांनी ‘आस्था व्यवधान’पाशी बोट ठेवून विचारलं, कुणाचा कुणावर भरवसा उरलेला नाही? त्या प्राणिशास्त्र शिकवतात, संख्याशास्त्र त्यांना उत्तम कळतं, तरी पहिल्या वाचनात त्यांना तो वर्तमानपत्रातला ‘विश्वासाला गेलेला तडा’ वाटला. शिवाय बांगलादेशच्या पाठ्यपुस्तकांत प्रमाण विचलनाला ‘परिमित व्यवधान’ म्हणतात. म्हणजे एकाच तक्त्यात एका स्तंभावर परिमित व्यवधान आणि शेजारी आस्था व्यवधान आलं, तर वाचकाला ते एकाच जातीचे दोन आकडे वाटतील. ‘व्यवधि’ हा तिथल्या अकरावी-बारावीच्या गणितातला शब्द आहे: खोला व्यवधि, बद्ध व्यवधि, आपल्या खुल्या आणि बंद अंतरालासारखा. दोन टोकांमधल्या संख्यांचा पट्टा हा अर्थ त्यात आधीच मुरलेला आहे, आणि तुम्हाला नेमका तोच हवा आहे. तुमचा ‘अंतर’ही याच कारणाने बाजूला ठेवा, त्यातून लांबी मोजल्यासारखं वाटतं.

तिसरा शब्द तुम्ही विचारला नाहीत, पण पी व्हॅल्यू आली की तो मागोमाग येतोच: सिग्निफिकंट. बंगालीत ‘तात्पर्यपूर्ण’. आपलं तात्पर्य गोष्टीच्या शेवटी असतं, त्यांचं तात्पर्य म्हणजे महत्त्व, अर्थ. इथे दोन चुका फार होतात. एक म्हणजे मजकुरात साध्या ‘बऱ्याच मोठ्या’ फरकालाही तात्पर्यपूर्ण म्हणणं. त्यासाठी बंगालीत ‘उल्लेखयोग्य’ आहे, तो वापरा आणि तात्पर्यपूर्ण फक्त चाचणीच्या निष्कर्षासाठी राखून ठेवा. दुसरी चूक जास्त वाईट. पी-मान ०.२ आला म्हणून फरकाला ‘तात्पर्यहीन’ लिहिलं जातं. तात्पर्यहीन म्हणजे निरर्थक, ज्याला काही किंमत नाही असा. चाचणी तसं म्हणत नाही. तिला या नमुन्यातून पुरेसा पुरावा मिळाला नाही, एवढंच. तेव्हा ‘तात्पर्यपूर्ण पार्थक्य पाओया यायनि’ लिहा, म्हणजे ‘लक्षणीय फरक आढळला नाही’.

हे सगळं एका वाक्यात कसं बसतं ते बघू. तुमचे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून समजुतीसाठी घेतो. सुंदरी झाडाची २५ रोपं कमी खारट पाण्यात आणि २५ जास्त खारट पाण्यात वाढवली. सरासरी उंची ३१.४ आणि २७.२ सेंमी, दोन्ही गटांत प्रमाण विचलन ६. फरक ४.२ सेंमी, त्याची प्रमाण त्रुटी सुमारे १.७. अठ्ठेचाळीस स्वातंत्र्यमात्रांना टी-चा आकडा २.०१ येतो, म्हणून ४.२ च्या दोन्ही बाजूंना सुमारे ३.४ घेतले की ९५ टक्क्यांचा पट्टा ०.८ ते ७.६ होतो आणि पी व्हॅल्यू ०.०१७. बंगालीत:

‘कम लवणाक्ततार चारार गड़ उच्चता बेशि लवणाक्ततार चारार चेये ४.२ सेमि बेशि (९५% आस्था व्यवधि: ०.८ थेके ७.६ सेमि; p = ०.०१७)।’

यातला ‘चारा’ म्हणजे रोप, गुरांचा नव्हे. ‘गड़’ म्हणजे सरासरी. आणि दोन टोकांमध्ये आडवी रेघ न घालता मी ‘थेके’, म्हणजे ‘पासून’, लिहिलंय ते मुद्दाम. एखाद्या पट्ट्याचं खालचं टोक ऋण आलं की रेघ आणि वजाचं चिन्ह एकमेकांत मिसळतात, आणि लेखभर एकच पद्धत असलेली बरी.

पुढे चर्चेच्या भागात या आकड्यांचा अर्थ सांगायची वेळ येते आणि खरी परीक्षा तिथे होते. सर्रास लिहिलं जाणारं वाक्य असं: खरा फरक या पट्ट्यात असण्याची संभावना ९५ टक्के. हे कुठल्याही भाषेत चुकीचंच आहे, पण बंगालीत ते जास्त सहज लिहून होतं. कारण ‘संभावना’ हा एकच शब्द तिथे गणितातली संभाव्यताही आहे आणि ‘पाऊस पडण्याची शक्यता’मधली शक्यताही. आपल्याला मराठीत संभाव्यता आणि शक्यता असे दोन शब्द आहेत, म्हणून निदान हात थबकतो. जर्झी नेमन यांनी १९३०च्या दशकात ही कल्पना मांडताना संभाव्यतेऐवजी कॉन्फिडन्स हा वेगळा शब्द घेतला. एकदा मोजून काढलेल्या पट्ट्यात खरा फरक एकतर आहे किंवा नाही. ९५ हा आकडा पट्टा काढण्याच्या पद्धतीचा आहे. १९३४ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीत त्यावर चर्चा झाली तेव्हा आर्थर बाउली यांनी या कॉन्फिडन्समध्ये काही हातचलाखी तर नाही ना, अशी शंका उघड बोलून दाखवली होती. तेव्हा आस्था लिहिलेल्या वाक्यात संभावना घुसवू नका. असं लिहा: ‘एकइ पद्धतिते बारबार नमुना निले एभाबे पाओया प्रति १००टि व्यवधिर प्राय ९५टिते प्रकृत पार्थक्य थाकबे।’ नमुना आपलाच आहे, अर्थासकट.

पी-मानाच्या वाक्यात मात्र संभावना हवीच, पण अटीसह: ‘शून्य अनुकल्प सत्य हले एत बड़ बा एर चेये बड़ पार्थक्य पाओयार संभावना ०.०१७।’ यातला ‘हले’ हा छोटा शब्द सगळं पेलतो. आपलं ‘असल्यास’ तेच काम करतं. संपादनात जागा वाचवायला कुणी पहिले चार शब्द उडवले, तर उरलेल्या वाक्याचा अर्थ ‘फरक योगायोगाने आल्याची शक्यता १.७ टक्के’ असा होतो, आणि ते खरं नाही. मुद्रित तपासताना हे वाक्य मी सर्वांत आधी शोधतो.

अनुकल्प हा शब्द मी बांगलादेशचा घेतला. पश्चिम बंगालात हायपॉथेसिसला ‘प्रकल्प’ही म्हणतात, आणि तोच शब्द दोन्हीकडे आपल्यासारखाच धरणाच्या किंवा रस्त्याच्या कामालाही लागतो. ‘शून्य प्रकल्प’ म्हटल्यावर जीवशास्त्राच्या वाचकाला बंद पडलेली योजना वाटू शकते. पण लेख कोलकात्याच्या नियतकालिकात जाणार असेल तर तिथल्या संपादकांचं ऐका. या विद्येचं नावच सीमेपलीकडे बदलतं: ढाक्याला परिसंख्यान, कोलकात्याला राशिविज्ञान. मीडियन ढाक्याला मध्यक, आपल्या दहावीच्या पुस्तकासारखा, आणि कोलकात्याला मध्यमा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली ती कोलकात्यात, आणि तिच्या नियतकालिकाचं नाव ‘संख्या’, पण त्यांचा कारभार इंग्रजीत चालला. बंगालीतली परिभाषा शाळेच्या पुस्तकांतून घडली, आणि १९४७ नंतर दोन्हीकडची पुस्तकं वेगळी झाली. म्हणून आधी नियतकालिक कुठलं ते ठरवा आणि त्याच बाजूचे सगळे शब्द घ्या. अर्धे इकडचे, अर्धे तिकडचे असं करू नका.

शेवटी अंकांचं. मजकूर बंगालीत असेल तर आकडेही बंगाली अंकांत टाइप करा आणि तक्ते, आलेख सगळीकडे तेच ठेवा. बंगाली चार हुबेहूब रोमन आठसारखा दिसतो आणि बंगाली सात रोमन नऊसारखा. मजकुरात बंगाली अंक आणि आलेखाच्या अक्षावर रोमन अंक असले, तर तुमचा ४.२ सेंमीचा फरक घाईत वाचणाऱ्याला ८.२ वाटेल आणि पट्ट्याचं वरचं टोक सातच्या घरातून नऊच्या घरात जाईल. आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधून अक्षाचे अंक बंगालीत येत नसतील तर उलट करा: लेखभर रोमन अंक ठेवा आणि पहिल्या तक्त्याच्या खाली तसं एका ओळीत लिहा.