मास्क चेहऱ्याला चिकटला नाही तर पंप फुकट

प्रश्न: मुलगा दोन वर्षांचा आहे. डॉक्टरांनी दम्याचा पंप आणि तो जोडायची मास्कवाली नळी, म्हणजे स्पेसर दिलाय, पण मास्क लावला की रडतो. औषध आत जातं का? नीट कसं द्यायचं? की सरळ नेब्युलायझर घेऊ?

रडताना दिलेलं औषध छातीत फारच थोडं पोचतं. रडणारं मूल लांबलचक श्वास सोडतं आणि मध्येच झटक्यात ओढतं, त्यामुळे फवारा घशावर आदळतो आणि पोटात जातो. त्यात मास्क आणि गालामध्ये फट राहिली तर तेवढंही नाही. "रडतंय म्हणजे खोल श्वास घेतंय, चांगलं आत जातंय" असं सांगणारं माणूस घरोघरी असतं. त्यांचं अजिबात ऐकू नका.

आमच्या घरी ही समजूत वन्संची. मुलगी तुमच्या मुलाएवढीच होती, गणपतीला गावी गेलो होतो. रात्री खोकल्याची उबळ आली, छाती वाजायला लागली. मी हात पुसत स्वयंपाकघरातून येईपर्यंत वन्संनी तिला आडवं धरून पंप न हलवता लागोपाठ चारदा दाबला होता. मास्क चिकटवला की ती तोंड फिरवत होती, म्हणून तो नाकापासून वरच धरलेला. स्पेसरची झडप हलतच नव्हती आणि पांढुरका फवारा मास्कच्या कडेने बाहेर येत होता. वर मलाच ऐकवलं, "चार पंप दिले, काही फरक नाही, तुझ्या औषधातच दम नाही."

मी तिला मांडीवर ताठ बसवलं, पाठ माझ्या पोटाला टेकवून, तिचे दोन्ही हात माझ्या डाव्या हाताखाली घेतले. हळू आवाजात आरती म्हणत राहिले, तशी ती निवली. मग पंप चांगला हलवला, टोपण काढून स्पेसरच्या मागे उभा बसवला, औषधाची डबी वरच्या बाजूला. मास्क नाकाच्या दांड्यापासून हनुवटीपर्यंत दाबून धरला. श्वासागणिक झडप हलताना दिसली, तेव्हाच पंप दाबला, एकदाच. मास्क न काढता तिचे नेहमीसारखे पाच-सहा श्वास मोजले. खोल श्वास घ्यायला लावायची गरज नसते, झडप हलतेय ना एवढंच बघायचं. अर्ध्या मिनिटाने पंप पुन्हा हलवून दुसरा दाब. लागोपाठ दाबले की फवारे एकमेकांवर आणि नळीच्या भिंतीवर बसतात, बाळाच्या वाट्याला कमी येतं. थोड्या वेळात छातीतली शिटी उतरली. औषध तेच होतं.

रडण्यावर उपाय दिवसा करायचा, खोकला नसताना. रिकामा स्पेसर खेळायला द्या, बाहुलीला लावा, तुम्ही स्वतः लावून दाखवा. झोपेत द्यायचा सल्लाही मिळेल, पण मास्क लागताच मूल दचकून उठतं आणि रडतं.

स्पेसर कपड्याने पुसू नका. घासलं की प्लॅस्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. नवा आणला की आणि पुढेही अधूनमधून कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून बुडवा, नळी न विसळता तशीच निथळत ठेवा. मास्क मात्र साध्या पाण्याने धुवा. सोबतच्या कागदावर वेगळं लिहिलं असेल तर तसं करा.

नेब्युलायझरचं म्हणाल तर साध्या दम्याच्या त्रासात नीट दिलेला स्पेसर त्याच्या बरोबरीचं काम करतो, कमी वेळात आणि विजेशिवाय. आणि "पंपाची सवय लागते, त्यापेक्षा पातळ औषध दे" या वाक्याला माझं उत्तर ठरलेलं आहे. साल्ब्युटामॉलच्या नेहमीच्या पातळ औषधात 5 मिलीला 2 मिलिग्रॅम असतं आणि ते सगळ्या अंगात फिरतं. पंपाच्या एका दाबात 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याचा विसावा भाग, तोही थेट छातीत. मग जास्त औषध कोण देतंय? वन्संनी यावर अजून उत्तर दिलेलं नाही.

किती दाब द्यायचे आणि त्रासाच्या वेळचा पंप कोणता, रोजचा कोणता, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. रोजचा स्टेरॉइडचा असेल तर नंतर पाणी पाजा आणि मास्कखालचा चेहरा पुसा, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा: धाप जास्त असेल तर रडं थांबायची वाट बघू नका, मास्क घट्ट धरून द्या. बरगड्यांमध्ये खड्डे पडत असतील, मुलाला पिता-बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर पंप देत देतच दवाखाना गाठा.